कारणांचं पत्र

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची मुलगी तीन वर्षं आमच्या फ्रेंचच्या वर्गाला येत होती. कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती. महाविद्यालयाचा दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या एका कृषिशिक्षण संस्थेशी विद्यार्थी-अदलाबदलीचा करार होता आणि एका सत्रासाठी तिथे जायला तिला अर्ज करायचा होता. गुणपत्रक होतं, बी-२ पातळीचं देल्फचं प्रमाणपत्र होतं, राहिलं होतं ते फक्त पत्र. ‘लेत्र द मोतिवासिओं’. दोन पानं लिहून ती माझ्यासमोर बसली.

पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला फ्रान्सचं विलक्षण आकर्षण आहे. मग आयफेल टॉवर, फ्रेंच संस्कृती, भाषेतला गोडवा, स्वप्न, संधी. व्याकरण बरंचसं शुद्ध होतं. पण दोन पानं वाचून झाल्यावरही ही मुलगी द्राक्षाच्या घरातली आहे, हे मला कळलं नसतं. ते मला माहीत होतं म्हणूनच कळलं. मी तिला विचारलं, “यातलं ‘माँपेलिए’ खोडून ‘पॅरिस’ घातलं आणि ‘कृषी’ खोडून ‘फॅशन’ घातलं, तर कुठलं वाक्य अडेल?” तिने खाली पाहून पुन्हा वाचलं. “एकही नाही, मॅडम.”

हा घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. मोतिवासिओं म्हटलं की आपल्याला प्रेरणा आठवते, आणि प्रेरणा म्हटली की मनातल्या उर्मीबद्दल लिहावंसं वाटतं. फ्रेंचमध्ये ‘मोतिवे’ या क्रियापदाचा एक जुना, आजही रोज वापरला जाणारा अर्थ आहे, तो म्हणजे कारणं देणं. न्यायाधीश निकाल देतात तेव्हा तो ‘मोतिवे’ करावा लागतो, म्हणजे निर्णयामागची कारणं लिहावी लागतात. सरकारी कचेरीने एखादा अर्ज नाकारला तर नकारही असाच सकारण असावा अशी अपेक्षा असते. हे पत्र त्याच घराण्यातलं आहे. तुम्ही एक निर्णय घेतला आहे, अमुक ठिकाणी, अमुक अभ्यासक्रम, अमुक सत्रात. त्याची कारणं सांगा. आकर्षण ही भावना झाली, तिची सत्यता कुणाला तपासता येत नाही. कारण तपासता येतं.

आणि ते तपासणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक परराष्ट्र संबंध विभागातली, जी कागद पूर्ण आहेत का, करारात जागा आहे का, भाषेची पातळी पुरेशी आहे का, हे पाहतात. दुसरी व्यक्ती त्या अभ्यासक्रमाची प्रमुख, बहुधा स्वतः शिकवणारी प्राध्यापक. तिच्या दृष्टीने अदलाबदलीचा विद्यार्थी हा वेगळा प्राणी असतो. तो पदवी घ्यायला येत नाही. तो यजमान संस्थेला शिक्षणशुल्क देत नाही, आपल्याच महाविद्यालयात नाव ठेवून येतो, एका सत्राचे साधारण ३० युरोपीय श्रेयांक कमावतो आणि परत जातो. कुठले विषय घेणार आणि ते घरी कशाच्या बदल्यात धरले जाणार, याचा एक करारच दोन्ही संस्था आणि विद्यार्थी मिळून करतात. त्याला ‘कोंत्रा देत्यूद’ म्हणतात. त्यामुळे पत्र वाचताना प्राध्यापकांच्या मनात तीन साधे प्रश्न असतात. या मुलीला माझा तास फ्रेंचमधून झेपेल का? हे विषय तिला खरंच कशासाठी हवेत? आणि इथून नेलेलं ती घरी कशाला जोडणार? पत्रातल्या ज्या ओळीने यातल्या एकाही प्रश्नाला हात लागत नाही, ती ओळ कितीही सुंदर असली तरी जागा अडवते. जागा एकच पान आहे.

आम्ही दोन पानं बाजूला ठेवली आणि बोलत बसलो. मी विचारलं, माँपेलिएच का? ती म्हणाली, द्राक्षाचा प्रदेश आहे. असे प्रदेश फ्रान्समध्ये अनेक आहेत. मग ती म्हणाली, आमच्या बागेत बोर्डो मारतात, ते फ्रान्सचंच आहे ना? ही ओळ तिला फार आवडली होती, कारण नाशिकच्या प्रत्येक बागायतदाराच्या तोंडी एका फ्रेंच शहराचं नाव असतं. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण १८८५ च्या सुमारास बोर्दोमधले प्राध्यापक मियार्दे यांनी केवड्यावर उपाय म्हणून जगापुढे आणलं. रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर निळं-हिरवं काहीतरी शिंपडत आणि नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. गोष्ट छान आहे. पण पत्रात ती आहे तशी घातली असती तर फ्रेंच प्राध्यापकाला त्याला आधीच माहीत असलेली गोष्ट सांगितल्यासारखं झालं असतं. त्यातून ‘म्हणून मला यायचंय’ हे निघत नव्हतं.

म्हणून मी तिला केवड्याबद्दलच विचारत राहिले. आणि तिथे मुलगी बोलायला लागली. ऑक्टोबर छाटणी झाली की कोवळी फूट येते, नेमका तेव्हा परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की पानाखाली पांढरी बुरशी धरते. घड फुलोऱ्यात असताना केवडा आला तर आठवड्यात माल जातो. मग फवारणीवर फवारणी. पण त्यांचा माल युरोपला जातो, आणि निर्यातीआधी औषधाचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. वडिलांची दरवर्षीची कुतरओढ हीच. फवारलं नाही तर बाग जाते, जास्त फवारलं तर माल नाकारला जातो.

हेच कारण होतं, आणि ते तिच्या घरातच होतं. कारण फ्रान्समधले शेतकरीही आज याच पेचात आहेत, फक्त दुसऱ्या बाजूने. युरोपीय संघाने २०१९ पासून बागेत वापरायच्या तांब्यावर मर्यादा घातली आहे. सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. तांबं जमिनीत साठून राहतं म्हणून ही मर्यादा आहे. आणि बोर्डो म्हणजे तांबंच. फवारणी कमी करायची तर वेलच केवड्याला दाद न देणारी हवी. माँपेलिएत १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मस्कडाइन या रानटी द्राक्षाशी संकर करून रोगाला टिकणाऱ्या वेली तयार करण्याचं काम झालं. अशा संशोधनाच्या वाटेवरच्या काही जाती २०१८ मध्ये फ्रान्समध्ये अधिकृत यादीत आल्या. शिवाय माँपेलिएच्या कृषिविद्यालयात १८७६ मध्ये सुरू झालेला द्राक्षजातींचा संग्रह पुढे जवळच समुद्रकाठच्या वाळूत वाढवला गेला. वाळूत यासाठी की मुळं खाणारा फिलॉक्सेरा नावाचा कीटक तिथे जगत नाही. आता ‘माँपेलिएच का’ याचं उत्तर कुठल्याही दुसऱ्या शहराच्या नावाने भरून निघालं नसतं.

फ्रेंच शाळांत अशा पत्राचा एक साचा शिकवतात, ‘वू-म्वा-नू’. आधी तुम्ही, मग मी, मग आपण. म्हणजे आधी वाचणाऱ्याच्या संस्थेत मला काय दिसतं, मग माझ्याजवळ काय आहे, शेवटी दोन्ही एकत्र आले तर काय होईल. आपल्याकडे अर्ज नेहमी ‘मी’पासून सुरू होतो, नाव, गाव, शिक्षण, म्हणून हा क्रम सुरुवातीला अवघड वाटतो. आम्ही तो पाळला, पण थोडा वाकवून.

पहिल्या परिच्छेदात दोनच वाक्यं राहिली. मी कोण, कुठल्या करारान्वये, कुठल्या सत्रासाठी अर्ज करते आहे. अदलाबदलीच्या अर्जात हे स्पष्ट लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला ही पदवीसाठी आलेली अर्जदार वाटते.

दुसऱ्यात केवडा आणि तांबं. फ्रान्समध्ये केवड्याला ‘मिल्द्यू’ म्हणतात. तो शब्द आला, हेक्टरी मर्यादेचा उल्लेख आला आणि पुढच्याच वाक्यात तिने संस्थेच्या विषयपत्रिकेतले दोन विषय नावानिशी घेतले, एक वेलीच्या शरीरक्रियेचा, दुसरा रोगव्यवस्थापनाचा. विषयांची नावं जशी छापली आहेत तशीच लिहावीत असा माझा आग्रह असतो. तेवढ्यावरून कळतं की अर्जदाराने कागद उघडून पाहिला आहे. एक गोष्ट मात्र तपासावी लागते. तो विषय अदलाबदलीच्या विद्यार्थ्यांना खुला आहे का आणि त्याच सत्रात आहे का. तिने पहिल्यांदा निवडलेला एक विषय सप्टेंबरच्या सत्रातला निघाला. तिला जायचं होतं जानेवारीत. पत्र आणि अभ्यास-करार यांत वेगवेगळे विषय दिसले की अर्ज परत येतो, किंवा नुसता बाजूला पडतो.

सत्राची निवडसुद्धा कारणाचा भाग झाली. सप्टेंबरमध्ये गेली असती तर ऑक्टोबर छाटणी चुकली असती आणि तिथली काढणी संपत आलेली असती. जानेवारीत गेलं की हिवाळी छाटणी बघायला मिळते आणि मार्चअखेर-एप्रिलमध्ये डोळे फुटताना दिसतात. हे एकच वाक्य पत्रात गेलं आणि माझ्या मते पूर्ण पत्रातलं तेच सगळ्यात बोलकं होतं, कारण ते वेलीची दिनदर्शिका माहीत असलेल्या माणसालाच सुचतं.

तिसरा परिच्छेद ‘म्वा’चा. इथे तिने स्वतःबद्दल मेहनती, जिद्दी, जुळवून घेणारी अशी विशेषणं लिहिली होती. आम्ही ती सगळी काढली आणि जागी काम लिहिलं. साडेतीन एकर बाग. पण एकर फ्रेंच वाचकाला कळत नाही, म्हणून १.४ हेक्टर. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून कात्रीने तिचं वर्ष दोनदा सुरू करावं लागतं. ही माहिती फ्रान्समधल्या विद्यार्थ्याकडे अनुभवाने असण्याची शक्यता नाही. तिने मागितलेल्या जागेच्या बदल्यात ती वर्गात काय घेऊन येणार, हे त्यातून आपोआप सांगितलं गेलं. गुणांबद्दल मी तिला एवढंच सांगितलं की आपली टक्केवारी वीसपैकीच्या फ्रेंच गुणांत स्वतः बदलू नकोस. तिथे १० ला उत्तीर्ण आणि १४ म्हणजे चांगलेच मानतात. ७८ टक्क्यांचे सरळ १५.६ करून लिहिले की तो आकडा तिथल्या मोजमापात खरा राहत नाही. सोबत मूळ गुणपत्रक असतंच.

चौथा परिच्छेद परतण्याचा. फ्रेंच माणसं ‘प्रोजे’ हा शब्द इतक्या वेळा वापरतात की सुरुवातीला आपल्याला कंटाळा येतो. अभ्यासाचा प्रोजे, व्यवसायाचा प्रोजे. त्याचा अर्थ आधी, तिथे आणि नंतर यांना ओवणारा धागा. तिने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की तिला जागतिक दर्जाची शास्त्रज्ञ व्हायचं आहे. आता लिहिलं की चौथ्या वर्षाच्या प्रकल्पात ती गावातल्या काही बागांमध्ये पावसाच्या नोंदी आणि केवड्याच्या पहिल्या खुणा यांची सांगड घालणार आहे, फवारणीच्या तारखा ठरवायला त्याचा उपयोग होतो का ते पाहणार आहे, आणि त्यासाठी तिला तिथली नोंदी ठेवण्याची पद्धत शिकायची आहे. स्वप्न लहान झालं, असं तिला वाटलं. मला ते मोठं वाटलं, कारण ते पुढच्या वर्षी पूर्ण होणार होतं.

मग भाषेचे खड्डे. यातले बरेच इंग्रजीच्या ओळखीतून तयार होतात. आपण ‘कॉलेज’ म्हणतो, फ्रेंचमध्ये ‘कोलेज’ म्हणजे अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांची शाळा. तिच्या पहिल्या मसुद्यात ती तीन वर्षं कोलेजमध्ये शिकत होती. महाविद्यालयाचं नाव जसंच्या तसं ठेवून पुढे ‘अमुक विद्यापीठाशी संलग्न उच्चशिक्षण संस्था’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. ‘फार उत्साहित आहे’ म्हणून तिने ‘एक्सिते’ लिहिलं होतं. त्या शब्दाला लैंगिक छटा आहे आणि औपचारिक पत्रात तो चालतच नाही. परीक्षा ‘पासे’ केली म्हणजे परीक्षेला बसले, उत्तीर्ण झाल्याचं त्यातून कळत नाही. वडिलांना तिने ‘विन्यरों’ म्हटलं होतं. विन्यरों म्हणजे आपल्या द्राक्षांची वाइन करणारा. खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्याला ते लागू नाही. द्राक्षविषयाच्या प्राध्यापकापुढे ही चूक म्हणजे व्याकरणाची चूक नव्हे, माहितीची चूक. आणि मुलींनी सगळी विशेषणं स्त्रीलिंगी केली आहेत का, हे शेवटी एकदा वेगळं वाचावं. तयार नमुने उतरवले की नेमकं इथेच पुल्लिंगी रूप राहून जातं आणि उतरवल्याचं उघड होतं.

‘ज’ म्हणजे मी. प्रत्येक परिच्छेद ‘ज’ने सुरू झाला की फ्रेंच कानाला ते टोचतं. वाक्य विषयापासून सुरू करावं, ‘केवड्यावरील नियंत्रण हा...’, ‘द्राक्ष उत्पादकांच्या कुटुंबात वाढल्यामुळे...’. ‘मला हवंय’ऐवजी ‘माझी इच्छा आहे’, त्याहूनही नरम रूप वापरलं तर अधिक बरं.

मांडणीचा भाग लहान आहे, पण त्यात चुकलं की पत्र परकं दिसतं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता वर डावीकडे, ज्याला पाठवायचं त्याचा त्याखाली उजवीकडे. आपल्या शाळेत शिकवलेल्या पत्राच्या हे नेमकं उलटं. मग गाव आणि तारीख, महिन्याचं नाव लहान अक्षराने. मग ‘ओब्जे’, म्हणजे विषय, एका ओळीत. मायना ‘मादाम, मस्यू,’ एवढाच. ‘प्रिय’ हा शब्द अनोळखी व्यक्तीला लावत नाहीत.

शेवटाच्या औपचारिक वाक्याने मात्र भल्याभल्यांना फसवलं आहे. नमस्कार, धन्यवाद असं लिहून सुटता येत नाही. ‘ज वू प्री द’आग्रेए, मादाम, मस्यू...’ असं सुरू होणारं पूर्ण वाक्य लिहावं लागतं, म्हणजे माझे सादर नमस्कार स्वीकारावेत ही विनंती. मायन्यात जे संबोधन आहे तेच इथे अक्षरशः पुन्हा यायला हवं. वर ‘मादाम’ एकटी असेल तर खालीही एकटीच. आणि ‘आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत’ असं सुरू केलं तर पुढे ‘मी विनंती करते’ असाच कर्ता हवा. बहुतेक तयार नमुन्यांत तिथे ‘वये आग्रेए’, म्हणजे ‘स्वीकारावेत’ असतं. मग व्याकरणाच्या हिशेबाने उत्तराची वाट बघणारी व्यक्ती पत्र वाचणारीच ठरते. जाणकार वाचक हे पाहतात. ‘नमस्कारांची अभिव्यक्ती स्वीकारा’ हेही काटेकोर माणसांना खटकतं, अभिव्यक्ती भावनेची होते, नमस्कार नुसते स्वीकारायचे. आम्ही साधे ‘सादर नमस्कार’ ठेवले.

पत्राला काय जमत नाही तेही सांगायला हवं. भाषा बी-१ला अडकली असेल आणि तास फ्रेंचमधून असतील तर पत्र ती भरून काढत नाही. उलट शिक्षकाने फार घासूनपुसून दिलेलं पत्र मुलाखतीत उलटतं. भारतातून लांब मुदतीसाठी फ्रान्सला शिकायला जाणाऱ्यांना व्हिसाआधी ‘कँपस फ्रान्स’च्या प्रक्रियेतून जावं लागतं, तिथेही हाच प्रश्न तोंडी विचारतात, कशासाठी चाललीस? म्हणून तिच्या पत्रातलं प्रत्येक वाक्य तिने आधी मला मराठीत सांगितलं, मग फ्रेंचमध्ये तिनेच लिहिलं. मी फक्त खुणा केल्या. काही वाक्यं त्यामुळे थोडी ओबडधोबड राहिली, आणि मी ती तशीच राहू दिली.

शेवटचा मसुदा एक पानाचा झाला. खाली तिने शाईच्या पेनने सही केली, कागद स्कॅन केला आणि बाकीच्या कागदांबरोबर पाठवला. यजमान संस्थेतल्या प्राध्यापकांनी पडद्यावरून तिच्याशी वीसेक मिनिटं बोलणं केलं. घरी आल्यावर तिने फोन केला. म्हणाली, “मॅडम, संस्कृतीबद्दल काहीच विचारलं नाही. अर्धा वेळ ऑक्टोबर छाटणीवरच गेला. वेल वर्षातून दोनदा छाटली तर ती दमत नाही का, असं विचारत होते. त्यांना आमच्या बागेचे फोटो हवेत.”